शुक्रवारची मर्मर

त्या पोरीचा घसा मी स्वतः पाहिला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना मला आडपडदा ठेवावा लागणार नाही.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी चोवीस वर्षांची होते, नर्सिंगचा कोर्स करून महाडकडून भिवंडीला आलेली. एका धर्मादाय संस्थेच्या छोट्या दवाखान्यात मला नोकरी मिळाली होती. दोन खोल्या, एक पडवी, तपासायचं एक टेबल आणि सिरिंजा उकळायचा स्टोव्ह, एवढाच आमचा संसार. डॉक्टर पन्नाशीचे, कमी बोलणारे. दवाखान्याच्या मागच्या भिंतीला लागूनच यंत्रमागांची शेड होती. दिवसभर लूमची खडखड चाले. टेबलावर ठेवलेल्या काचेच्या बाटल्यासुद्धा हळूहळू सरकत कडेला येत. नव्या माणसाला वेड लागावं असा तो आवाज; पण पंधरा दिवसांत मला तो ऐकू येईनासा झाला आणि आम्ही सगळेच एकमेकांशी थोडं ओरडून बोलायला लागलो.

पावसाळा संपत आला होता. सर्दी-तापाची रांग पडवीतून रस्त्यावर गेली होती. डॉक्टर आत एका जळालेल्या हाताची पट्टी करत होते आणि बाहेरची किरकोळ दुखणी मी निपटत होते. टेमघरची एक भाजीवाली आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. तिची टोपली तिनं दाराशीच उतरवून ठेवली होती.

"बाई, हिला गिळवत न्हाय. दोन दिस ताप हाय."

मी चमच्यानं जीभ दाबून पाहिलं. घसा लालभडक होता, टॉन्सिल सुजलेले, त्यांवर पांढरे ठिपके. गळ्याखाली हात लावला तर तिथंही गाठी लागत होत्या. खरं तर हा घसा डॉक्टरांना दाखवायला हवा होता. पण माझ्यासमोर अजून तीसेक माणसं होती. मी कापसाचा बोळा औषधात बुडवून घसा रंगवला, तापाच्या चार गोळ्या दिल्या, मिठाच्या गुळण्या सांगितल्या आणि म्हटलं, "ताप राहिला तर परत या." पोरीनं तोंड वाकडं केलं, पण रडली नाही. दोन दिवसांत ताप गेला असणार, कारण त्या परत आल्या नाहीत.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तीच पोर बापाच्या सायकलच्या कॅरियरवर बसून आली. बाप लूमवर कामाला होता, रात्रपाळी करून तसाच आलेला, केसांत कापसाचा भुरा. मागून आई टोपलीशिवाय चालत येत होती. पोरीला खाली उतरवत नव्हतं. उजवा गुडघा सुजून गरम झाला होता. नुसता चादरीचा स्पर्श झाला तरी ती ओरडत होती.

"पडली का कुठं?" मी विचारलं.

"न्हाय बाई," आई म्हणाली, "परवा डावा गुडगा होता. काल घोटा. आज ह्यो. एक बरा होतो न् दुसरा धरतो. तिची आजी म्हणते, बाहेरचं काय लागलंय."

डॉक्टर आतून हे ऐकत होते. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. माझ्या लक्षात राहिलं ते हेच, कारण डॉक्टर कुणाचं बोलणं ऐकताना लिहिणं कधी थांबवत नसत.

"दोन-तीन आठवड्यांमागे हिचा घसा दुखत होता का?"

"व्हता की," आई पटकन म्हणाली आणि माझ्याकडे हात केला. "ह्या बाईंनीच औषध लावलं न् बरं वाटलं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट कौतुकच होतं. मला मात्र जमीन दुभंगावी असं वाटलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पोरीचं मनगट धरून नाडी मोजली, मग परत मोजली. ताप तर फार नव्हता, पण नाडी धावत होती. तिच्या छातीवर त्यांनी स्टेथोस्कोप ठेवला, डोळे मिटले आणि थोड्या वेळानं वैतागून कानातून काढला.

"या खडखडाटात मला नीट कळत नाही. शुक्रवारी हिला परत आणा. उचलून आणा, चालवू नका."

शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असत. डॉक्टर छातीचे सगळे नाजूक पेशंट शुक्रवारी बोलवत, हे मला तोवर माहीत होतं. कशासाठी, ते त्या दिवशी कळलं.

दोन दिवस मध्ये होते. त्यात पोरीचं रक्त तपासायला गेलं. उभ्या नळीत रक्त ठेवलं की तांबड्या पेशी तासाभरात थोड्या खाली बसतात. हिच्या पेशी भराभर खाली गेल्या, म्हणजे अंगात कुठंतरी जोराचा दाह चालू होता. ॲस्पिरिन चालू केलं तसं सांधे एका दिवसात उतरले. बापाला वाटलं, काम झालं. पण डॉक्टर मला म्हणाले, "सांधे जातील. सांध्यांची मला चिंता नाही."

शुक्रवार उजाडला. मागची शेड गप्प होती. इतकी गप्प, की पडवीत कुणी चप्पल घासली तरी ऐकू यावं. डॉक्टरांनी पोरीला टेबलावर झोपवलं आणि डाव्या स्तनाखाली, काळजाचा ठोका जिथं हाताला लागतो तिथं, स्टेथोस्कोप ठेवला. तिथून तो हळूहळू काखेकडे सरकवला. मग नळ्या आपल्या कानांतून काढून माझ्या हातात दिल्या.

"ऐका."

मला पहिल्यांदा नुसतं लब-डब ऐकू आलं, घाईघाईचं. मी मान हलवली.

"ठोक्यांकडे लक्ष देऊ नका. पहिला ठोका आणि दुसरा ठोका यांच्या मधली जागा ऐका. तिथं शांतता असायला हवी."

मी श्वास रोखून मधली जागा ऐकू लागले. शांतता नव्हती. तिथं एक फुंकर होती, सबंध जागा व्यापणारी. कुणी ओठ अर्धवट मिटून हवा सोडावी तशी. काखेपर्यंत ती येत होती.

"याला मर्मर म्हणतात," डॉक्टर बोलू लागले. ते सगळं माझ्यासाठीच बोलत होते, पण आई-बाप कळेल तेवढं ऐकत होते. "काळजात झडपा असतात. रक्त पुढं गेलं की त्या मिटतात, मागं येऊ देत नाहीत. हिची डावीकडची झडप सुजली आहे, नीट मिटत नाही. थोडं रक्त मागं फिरतं. तो आवाज हा."

"घशाचा न् काळजाचा काय संबंध?" बापानं विचारलं. त्याचा प्रश्न मलाच विचारायचा होता.

"घशात एक जंतू येतो. त्याच्याशी झुंजायला आपल्या अंगात जे तयार होतं, ते काही मुलांत जंतू गेल्यावरही थांबत नाही. चुकून आपल्याच सांध्यांवर आणि काळजावर चाल करतं. जंतू काळजात गेलेला नाही. पण मार काळजाला बसतो."

"मग आता?"

"आता सहा आठवडे अंथरूण. आणि पुढं पुन्हा तो घसा होऊ द्यायचा नाही. एकदा झालेला मार भरून येऊ शकतो. पण पुन्हा घसा, पुन्हा ताप, पुन्हा मार, असं झालं की झडपेवर वण पडतात. वण वाळतात, आखडतात. ते वर्षानुवर्षं चालतं, कुणाला कळतही नाही."

आई पोरीला टेबलावरून उतरवायला पुढं झाली. तिनं पोरीला उचललं आणि दोन पावलं गेली नाही तोच तिला खोकला आला. थांबून, भिंतीला टेकून ती खोकत राहिली. पदर तोंडाला लावला होता. अकरा वर्षांच्या हाडकुळ्या पोरीचं वजन ते केवढं! आणि ही बाई रोज डोक्यावर भाजीची टोपली घेऊन टेमघरहून चालत येणारी.

डॉक्टर म्हणाले, "ताई, पोरीला तिच्या बापाकडे द्या. तुम्ही झोपा टेबलावर."

"मी? मना काय झालंय?"

"काही झालं नसेल तर लगेच उठायचं."

ती संकोचानं झोपली. डॉक्टरांनी तिला डाव्या कुशीवर वळायला सांगितलं, स्टेथोस्कोपची घंटेसारखी बाजू तिच्या छातीला अगदी हलकी टेकवली, आणि बराच वेळ ते तसेच राहिले. मग त्यांनी पुन्हा मला ऐकवलं. या वेळी सांगावं लागलं नाही. पहिला ठोका टपकन, जोरात वाजत होता. आणि दुसऱ्या ठोक्यानंतर, काळीज जेव्हा भरत असतं तेव्हा, एक खोल घुरघुर येत होती, दूरवर रस्त्यावरून ट्रक जावा तशी. पोरीची फुंकर एका जागी होती, आईची घुरघुर दुसऱ्या जागी.

"लहानपणी कधी सांधे सुजले होते तुमचे?"

ती आठवू लागली. "माहेरी, पडघ्याच्या पलीकडं. हिच्याएवढीच होते. एका पावसात हातपाय धरले होते. दोन म्हैने उठवत नव्हतं. मग झाडपाल्यानं बरं झालं. पुढल्या वरसाला परत झालं, पन थोडं." ती थांबली. मग आपल्या पोरीकडे पाहून हळूच म्हणाली, "म्हंजे ह्ये त्येच हाय?"

"तेच," डॉक्टर म्हणाले.

हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन वर्षं तिला चढ चढताना धाप लागत होती. सपाट झोपलं की जीव गुदमरे, म्हणून ती भाताच्या पोत्याला टेकून झोपायची. खोकल्यात एकदोनदा रक्ताची रेघ दिसली होती. क्षय म्हणून लोक लांब राहतील, या भीतीनं तिनं ते नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तो तिथंच उभा होता. त्यानं पोरीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

ते गेल्यावर मी डॉक्टरांसमोर उभी राहिले.

"तो घसा मी तुम्हाला दाखवायला हवा होता."

"हो," ते म्हणाले. "पेनिसिलिन वेळेवर पडलं असतं तर बहुधा हे टळलं असतं." मला वाटलं होतं, ते 'जाऊ द्या' म्हणतील. ते तसं म्हणाले नाहीत, आणि आज मला त्याचं बरं वाटतं. "दहा घशांत सात-आठ नुसते सर्दीचे असतात. बाकीचे ओळखायला शिका. आणि या पोरीची पुढची जबाबदारी तुमची."

टेमघर तेव्हा गावच होतं. कामावरून सुटल्यावर मी दर दोन दिवसांनी तिकडे जाऊ लागले. कुडाच्या भिंतींचं घर, एका खोलीत आजीसकट सहा माणसं, एकाला शिंक आली की सगळ्यांना सर्दी. पोर खिडकीखाली पडून असायची. ठाण्याला दाखल करायचं डॉक्टरांनी सुचवलं होतं, पण तिच्यासोबत राहायला कुणी नव्हतं. मी ताप पाहायची आणि तिला डुलकी लागली असेल तेव्हा नाडी मोजायची. झोपेत नाडी शांत झाली की काळीजही शांत होतंय असं समजायचं, हे डॉक्टरांनी शिकवलं होतं. ॲस्पिरिन भाकरी खाल्ल्यावरच द्यायचं हे आजीला दहादा सांगितलं.

पोर चुरचुरीत होती. "बाई, मी मुतायला पन उठू नको?" "बाई, काळजाला झडप असते तर कडी पन असते का?" तिला पडून राहायचा कंटाळा आला की ती बापानं लूमवरून आणलेल्या सुताच्या तुकड्यांच्या वेण्या घालत बसायची. तिच्या अंथरुणाभोवती त्या रंगीत वेण्यांचा ढीग झाला होता. तिची आई घरात वावरताना मला दिसे. पाण्याचा हंडा चुलीपाशी ठेवून कमरेवर हात देऊन उभी राहायची. मी पाहते आहे असं दिसलं की लगेच कामाला लागायची.

सहाव्या आठवड्यात पोरीची झोपेतली नाडी उतरली. रक्ताची तपासणीही सुधारली. मर्मर मात्र होतीच.

मग सुरू झालं इंजेक्शन. दर एकवीस दिवसांनी, दोघींना. हे पेनिसिलिन दुधासारखं दाट असतं, अंगात हळूहळू विरघळतं आणि तीन आठवडे घशाची राखण करतं. पण ते देणं म्हणजे परीक्षाच. जाड सुई लागते. थोडा उशीर केला तर औषध सुईत अडकतं आणि परत टोचावं लागतं. आधी चामडीत एक थेंब टोचून, अंगावर काही उठत नाही ना हे पाहायचं. आणि दुखतं म्हणजे किती! पोर दोन दिवस लंगडायची. पहिल्या वेळी तिनं माझा हात चावला होता.

"किती दिस घ्यायचं?" तिनं विचारलं.

"मोठी होईस्तोवर."

"मी मोठीच हाय!"

आठेक महिने सगळं नीट चाललं. मग एका तारखेला दोघीही आल्या नाहीत. मी चार दिवस वाट पाहिली आणि टेमघर गाठलं. पोर अंगणात लंगडी खेळत होती, गाल भरलेले. आजी दारात बसून तांदूळ निवडत होती.

"धड पोरीला कशापायी टोचता?" आजीनं विचारलं. "दुखनं हाय तर सुई. दुखनं न्हाय तर सुई कशाला?"

तिचं काही चुकत नव्हतं. मीही नर्स नसते तर हेच म्हटलं असतं. मी तिच्याजवळ बसले. "आजी, तुमच्या सुनेचे सांधे लहानपणी बरे झाले तेव्हा तिच्या घरच्यांनाही असंच वाटलं होतं. ती पण अशीच अंगणात खेळत असेल."

आजीचे हात सुपात थांबले. तिनं मान वळवून आत पाहिलं, जिथं सून पोत्याला टेकून बसली होती, दिवसाढवळ्या. मग ती पोरीला म्हणाली, "जा गो, बाईंच्या संगती."

पण आईचं काम सुईनं भागणारं नव्हतं. सुई पुढचा मार टाळते, जुने वण काढत नाही. वीस वर्षांत तिच्या झडपेच्या दोन्ही पाकळ्या कडेला एकमेकींना चिकटत गेल्या होत्या. वाट अरुंद झाली होती. रक्त पुढं सरकेना म्हणून मागं फुप्फुसात तुंबत होतं. तिचा दम आणि तो रक्ताचा खोकला त्यातूनच होता. डॉक्टरांनी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात तिला तपासून आणलं होतं. तिथल्या सर्जननं सांगितलं होतं, ऑपरेशन होऊ शकतं.

"काळीज कापायचं?" ती म्हणाली. "न्हाय बाबा. गोळ्या द्या." लघवीच्या गोळ्या आणि कमी मीठ यावर ती दिवस काढत होती. आधी लावणी होऊ द्या म्हणाली, मग कापणी होऊ द्या म्हणाली, मग दिराचं लगीन.

एका दुपारी तिला हातगाडीवर घालून आणलं. बाजारात टोपली उतरवता उतरवता ती खाली बसली होती. ओठ काळेनिळे, श्वास बुडबुड्यांचा, तोंडाशी गुलाबी फेस. तिला झोपवायला निघालेल्या माणसांना डॉक्टरांनी ओरडून थांबवलं. तिला टेबलाच्या कडेला बसवलं, पाय खाली सोडले, मी मागून धरलं. शिरेत इंजेक्शन गेलं. तासाभरानं तिला भरपूर लघवी झाली आणि श्वास मोकळा होऊ लागला. तो तास मी तिच्या पाठीला माझी छाती लावून उभी होते. तिच्या फुप्फुसातली खळखळ मला स्टेथोस्कोपशिवाय कळत होती.

बोलता येऊ लागलं तशी ती म्हणाली, "भाजी कुठं हाय?"

भाजी तिच्या पोरीनं सांभाळली होती. ती शाळेतून धावत आली होती आणि टोपली धरून पडवीत बसली होती. योगायोगानं त्याच आठवड्यात तिची सुईची तारीख होती. मी सिरिंज उकळून घेतली आणि तिला हाक मारली. ती आत आली, आईच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी न्हाय घेनार."

"असं करू नको गो," आई क्षीण आवाजात म्हणाली. "घशाचं परत झालं तर?"

"होऊ दे. तू मुंबईला जात न्हाय, मंग मी पन सुई घेत न्हाय. तुजं काळीज तसं न् माजं पन तसं. दोघी संगतीच बसू पोत्याला टेकून."

मागं लूम खडखडत होते. बाप दारात उभा होता. त्यानं बायकोकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. आई पोरीकडे किती तरी वेळ पाहत राहिली.

"सर्जन बाप्या हाय का बाई?" तिनं मला विचारलं.

"हो, पुरुषच आहे."

"मंग तुमी संगती या."

"येते," मी म्हटलं.

डॉक्टरांनी रजा दिली, चिठ्ठी दिली, वर स्वतःची चादरही दिली. एसटीनं ठाणं आणि तिथून पुढं मुंबई. इस्पितळाच्या व्हरांड्यात आम्ही तीन आठवडे आलटून पालटून राहिलो, तिचा नवरा, तिची नणंद आणि मी. ऑपरेशनच्या सकाळी तिनं मंगळसूत्र माझ्या हातात दिलं, नवऱ्याच्या नाही. "ह्यांच्या हातून पडंल," म्हणाली. तिचा नवरा आणि मी जिन्याजवळ बसलो. तो लूमवरच्या गोष्टी सांगत होता: धागा तुटला तर लूम कसा थांबतो, बोटांनी गाठ कशी मारायची, रात्री डोळ्यांवर झोप असतानाही बोटं ती गाठ कशी मारतात. मी ऐकत होते. त्याला बोलायचं होतं आणि मला गप्प बसायचं होतं.

दुपारी सर्जन बाहेर आले. मी नर्स आहे हे कळल्यावर त्यांनी मला नीट सांगितलं. छातीच्या डाव्या बाजूनं आत जाऊन त्यांनी धडधडत्या काळजातच बोट घातलं होतं. "बोटाचं टोक जेमतेम जात होतं. चिकटलेल्या कडा उकलल्या. आता दोन बोटं जातात." त्यांनी दोन बोटं वर करून दाखवली. तिच्या नवऱ्यानं ती दोन बोटं पाहिली आणि त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानंही आपली दोन बोटं वर केली. मग रडायला लागला.

चौथ्या-पाचव्या दिवशी मी वॉर्डात गेले, तर ती उताणी झोपलेली. उशी पायाशी सरकवलेली. मी घाईनं पुढं झाले. जवळ गेले तर डोळे उघडे होते आणि ती छताकडे पाहत होती.

"उशी का काढलीत?"

"बघत व्हते," ती म्हणाली. "सपाट झोपून बघत व्हते. बाई, किती वरसांत मी अशी झोपलेच नव्हते."

डावीकडे स्तनाखालून पाठीपर्यंत तिला मोठा व्रण राहिला. परत आल्यावर तीन महिन्यांनी तिनं अर्धी टोपली उचलायला सुरुवात केली. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं की झडप उकलली आहे, नवी झालेली नाही. घुरघुर थोडी राहिली आहे, पुढं कधी पुन्हा अरुंद होऊ शकते, म्हणून सुई तिलाही सुटायची नाही. तिला ते मान्य होतं. तारखेला दोघी एकत्र येत, आधी कोणी घ्यायची यावरून भांडत, आणि मग दोघी लंगडत परत जात. आजी बरोबर असली तर त्यांच्यामागून चालत दोघींना शिव्या देई.

या काळात मी घसे पाहायला शिकले. नाक वाहत असेल, खोकला असेल, डोळे लाल असतील, तर घसा बहुधा सर्दीचा. पण अचानक ताप, गिळताना कळ, लाल घसा, गळ्याला दुखऱ्या गाठी, आणि नाक मात्र कोरडं, असं असलं की मी रांग थांबवायची आणि मूल आत न्यायची. रांगेतली माणसं कुरकुर करत. लूम कामगारांच्या खोल्यांतून, एकेका खोलीत दहा-दहा जण राहत तिथून, अशी मुलं येत. त्यांच्या आयांना मी माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगायची, "गला अच्छा हो गया तो भी दवा पूरा देना." किती जणांनी पूर्ण दिलं, मला माहीत नाही. काहींनी नक्की दिलं.

पोर सोळा वर्षांची झाली. सातवीनंतर शाळा सुटेल असं वाटलं होतं, पण ती टिकून राहिली होती. आता अकरावीला जायच्या गोष्टी करत होती. पाच वर्षांत तिला पुन्हा ताप आला नव्हता, सांधे धरले नव्हते. तारीख चुकली ती तेवढी एकदाच. डॉक्टर दर सहा महिन्यांनी शुक्रवारी तिची छाती ऐकत. फुंकर दरवेळी आहे तशीच म्हणत. मग एकदा म्हणाले, "थोडी लहान वाटते." त्यानंतरच्या वेळी काहीच बोलले नाहीत.

दशक संपत आलं होतं. माझं लग्न ठरलं होतं आणि महिन्याभरात मी भिवंडी सोडणार होते. त्या शुक्रवारी आई आणि मुलगी दोघी आल्या होत्या. डॉक्टरांनी मुलीला झोपवलं, कुशीवर वळवलं, बसवलं, श्वास सोडून थांबायला सांगितलं. काखेपर्यंत ऐकलं. मग नळ्या माझ्या हातात दिल्या, जशा पहिल्या दिवशी दिल्या होत्या.

मी पहिल्या आणि दुसऱ्या ठोक्याच्या मधली जागा ऐकली. परत ऐकली. काखेत ऐकली. कुठं कोंबडा ओरडत होता, पडवीत कुणीतरी विडी पेटवली, त्या काडीचाही आवाज मला आला. मधल्या जागेत काही नव्हतं.

"मला काही ऐकू येत नाही," मी म्हटलं.

"मलाही नाही," डॉक्टर म्हणाले. आणि ते हसले. सात-आठ वर्षांत मी त्यांना असं हसताना तीन-चारदाच पाहिलं असेल.

आई घाबरून पुढं आली. "काय ऐकू येत न्हाय? काय झालं?"

"मर्मर गेली, ताई. झडप नीट मिटते आहे. काही मुलांत असं होतं, सुई चुकली नाही तर."

तिला ते पटेना. तिनं मुलीला जवळ ओढलं आणि आपला कान सरळ तिच्या छातीला लावला. मुलगी लाजून "आये, सोड ना" म्हणत राहिली. आई बराच वेळ वाकून तशीच उभी होती. मग तिनं मान वर करून आम्हा दोघांकडे रागानं पाहिलं.

"ऐकू न्हाय कसं येत? चांगलं वाजतंय की!"

मुलगी खदखदून हसली. "मंग सुई बंद ना डॉक्टर?"

"अजिबात नाही," डॉक्टर म्हणाले. "अजून पाच वर्षं तरी. बाई, सिरिंज काढा."

मी स्टोव्ह पेटवायला गेले. मागून तिचा वाद घालण्याचा आवाज येत होता, आणि तिच्या आईचा, "गप, मी पन घेतेय ना," असा.